रक्तदानातल्या प्लाझ्माचे पुढे काय होते

रक्तदान शिबिरात घेतलेली ३५० मिलिलिटरची पिशवी जशीच्या तशी रुग्णाला चढवली जाण्याचे दिवस आता बहुतांशी मागे पडले आहेत. नाशिकमध्ये घटक वेगळे करण्याची सोय असलेली रक्तकेंद्रे आहेत. तिथे ती पिशवी थंड सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवली जाते, जड लाल पेशी तळाशी बसतात आणि वर फिकट पिवळसर द्रव उरतो. हा द्रव म्हणजे प्लाझ्मा. तो हळुवार दाबून जोडलेल्या दुसऱ्या पिशवीत काढून घेतात. एका रक्तदात्यामागे तो साधारण १८० ते २०० मिलिलिटर मिळतो, आणि त्यात रक्त गोठू नये म्हणून पिशवीत आधीपासून असलेले औषधी द्रावणही मिसळलेले असते.

लाल पेशी कुणाला दिल्या जातात हे बहुतेकांना ठाऊक असते. प्लाझ्माचे काय होते, हे मात्र नियमित रक्तदान करणाऱ्यांनाही फारसे माहीत नसते. प्लाझ्मामध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि एका लिटरमध्ये साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने विरघळलेली असतात. त्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा असतो. हे प्रथिन रक्तवाहिन्यांमधले पाणी धरून ठेवते. त्याखालोखाल इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आपली प्रतिपिंडे, लिटरमागे सुमारे दहा ग्रॅम असतात. रक्ताची गुठळी बांधणारे फायब्रिनोजेन दोन ते चार ग्रॅम असते. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेल्या रुग्णाचे आयुष्य ज्या प्रथिनावर अवलंबून असते तो फॅक्टर आठ मात्र एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅमही भरत नाही. प्रत्येक प्रथिनाचा स्वभाव निराळा असतो. कोणी थंडीत खाली बसते, कोणी अल्कोहोलने वेगळे होते, कोणी दहा तासांची उष्णता सोसते, तर कोणी खोलीच्या तापमानात काही तासांत निकामी होऊ लागते. प्लाझ्मापासून तयार होणारी सगळी औषधे या स्वभावभेदांचा उपयोग करूनच वेगळी काढली जातात.

सर्वांत नाजूक असतो फॅक्टर आठ, आणि म्हणून पिशवीचे भवितव्य ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे वेळ. रक्त घेतल्यापासून सहा, फार तर आठ तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा होऊन गोठवला गेला, तरच त्याला ताजा गोठवलेला प्लाझ्मा म्हणतात. शहरातल्या एखाद्या गणेश मंडळाच्या शिबिरात हे सहज जमते. सुरगाणा किंवा पेठकडच्या शिबिराचे गणित वेगळे असते. सकाळी नऊला पहिल्या दात्याचे रक्त घेतले, दोनला शिबिर आटोपले, सामान आवरून गाडी घाटातून शहरात यायला आणखी अडीच-तीन तास गेले, तर पहिल्या पिशवीचे आठ तास रक्तकेंद्राच्या दारातच भरतात. त्यानंतर सेंट्रिफ्यूज आणि फ्रीजरचे काम शिल्लक असतेच. म्हणून लांबच्या शिबिरातून पहिल्या काही पिशव्या मधल्या वेळेत वेगळ्या गाडीने पुढे पाठवणे हा फार मोलाचा निर्णय असतो. उशीर झालेला प्लाझ्मा वाया जात नाही. त्यातले अल्ब्युमिन आणि प्रतिपिंडे शाबूत असतात. परंतु फॅक्टर आठ मिळवण्यासाठी त्याचा उपयोग उरत नाही.

गोठवल्यावर पिशवी उणे ३० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड फ्रीजरमध्ये एक वर्षापर्यंत राहते. मधल्या काळात वीज जाऊन ती वितळली आणि पुन्हा गोठली, तर वरून पाहून ते ओळखता येत नाही. यासाठी प्रयोगशाळांमध्ये एक साधी युक्ती वापरली जाते. गोठवण्यापूर्वी पिशवीच्या मध्यावर रबरबँड बांधतात आणि पिशवी कडक झाल्यावर तो काढून टाकतात. बर्फाला कमरेसारखी खाच पडलेली राहते. पुढे कधीही पिशवी वितळली तर ती खाच नाहीशी होते, आणि खाच नसलेली पिशवी दिसली की तंत्रज्ञ ती बाजूला काढतो. इतक्या थंडीत प्लास्टिक काचेसारखे ठिसूळ होते हेही लक्षात ठेवावे लागते. हाताळताना आपटलेली पिशवी बारीकशी तडकते आणि ती गळती वितळवतानाच उघड होते.

आता क्रायोप्रेसिपिटेटकडे वळू. रक्तकेंद्रांत आणि वॉर्डांत याला नुसते क्रायो म्हणतात. हा पदार्थ कारखान्यात नव्हे, तर रक्तकेंद्रातच तयार होतो. १९६४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील ज्युडिथ पूल यांनी दाखवून दिले, की गोठलेला प्लाझ्मा शून्याच्या किंचित वर, म्हणजे एक ते सहा अंशांच्या दरम्यान सावकाश वितळू दिला, तर सगळा प्लाझ्मा पुन्हा द्रव होत नाही. पांढुरका, चिकट साका तळाशी आणि पिशवीच्या कोपऱ्यांत धरून राहतो. हाच साका म्हणजे क्रायो. त्यात फॅक्टर आठ, व्हॉन विलेब्रांड फॅक्टर, फायब्रिनोजेन आणि फॅक्टर तेरा ही रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने एकवटलेली असतात. ताजा गोठवलेला प्लाझ्मा रात्रभर चार अंशांच्या शीतकपाटात ठेवून किंवा थंड पाण्यात वितळवून, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, वरचा बहुतेक सगळा प्लाझ्मा दुसऱ्या पिशवीत काढून घेतला, की दहा ते वीस मिलिलिटर द्रवासह हा साका उरतो. तो तासाभराच्या आत पुन्हा गोठवला जातो. यात हात राखून काम करणे महागात पडते, कारण वितळण्याच्या वेळी तापमान वर गेले तर साका परत विरघळतो आणि वरच्या द्रवाबरोबर निघून जातो. चांगल्या पिशवीत फॅक्टर आठचे किमान ८० युनिट आणि फायब्रिनोजेनचे किमान १५० मिलिग्रॅम असावेत, अशी गुणवत्तेची कसोटी आहे.

वर उरलेल्या प्लाझ्मात फॅक्टर नऊ, अल्ब्युमिन आणि प्रतिपिंडे तशीच राहतात, आणि ही बाब रुग्णाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. हिमोफिलिया ए मध्ये फॅक्टर आठ कमी असतो, हिमोफिलिया बी मध्ये फॅक्टर नऊ. क्रायोमध्ये फॅक्टर नऊ जवळजवळ नसतोच. त्यामुळे बी प्रकाराच्या रुग्णाला कितीही क्रायो दिले तरी रक्तस्राव थांबत नाही. तातडीच्या वेळी 'हिमोफिलिया आहे' एवढेच सांगणे म्हणूनच अपुरे ठरते. ए की बी, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवे.

एक उदाहरण आकड्यांसह पाहू. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा, पन्नास किलो वजनाचा एक तरुण आहे असे समजा. त्याला तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया ए आहे आणि जिन्यावर पाय घसरून त्याचा गुडघा सुजला आहे. सांध्यातला रक्तस्राव थांबवण्यासाठी डॉक्टरांना त्याच्या रक्तातील फॅक्टर आठची पातळी सुमारे ४० टक्क्यांपर्यंत न्यायची आहे. ढोबळ हिशेब असा: शरीराच्या दर किलोमागे एक युनिट फॅक्टर दिला की पातळी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. म्हणजे पन्नास गुणिले चाळीस भागिले दोन, एकूण १,००० युनिट. क्रायोतून हे द्यायचे तर प्रत्येकी ८० युनिट धरून १३ पिशव्या लागतात, म्हणजे १३ निरनिराळ्या दात्यांचा प्लाझ्मा. कारखान्यात प्लाझ्मापासून काढलेले फॅक्टर काँसन्ट्रेट असेल तर ५०० युनिटच्या दोन बाटल्या पुरतात. ती भुकटी सोबतच्या पाण्यात विरघळवून काही मिनिटांत शिरेतून देता येते, आणि घरच्या शीतकपाटातही ठेवता येते. दिलेल्या फॅक्टरची पातळी साधारण आठ ते बारा तासांत निम्म्यावर येते. त्यामुळे एका मात्रेने काम भागेलच असे नाही.

बाटलीत भरलेले हे १,००० युनिट कुठून येतात, हे पाहिल्यावर कारखान्याचे काम समजते. कारखान्यातील शुद्धीकरणात बराच फॅक्टर वाटेत गमावला जातो आणि एका लिटर प्लाझ्मामागे शेवटी १५० ते २०० युनिटच हाती लागतात. म्हणजे आपल्या तरुणाच्या दोन बाटल्यांसाठी पाच ते सात लिटर, अर्थात साधारण २५ ते ३५ दात्यांचा प्लाझ्मा खर्ची पडतो. क्रायोच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहूनही अधिक दाते. मग हा मार्ग बरा कसा? एक तर तोच प्लाझ्मा पुढे अल्ब्युमिन आणि प्रतिपिंडेही देतो. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे, की क्रायोमध्ये विषाणू नष्ट करण्याचा कोणताही टप्पा नसतो. तिथे सगळी भिस्त दात्याच्या रक्ततपासणीवर असते, आणि संसर्ग होऊन तो तपासणीत दिसू लागेपर्यंतचे काही दिवस त्या तपासणीच्या नजरेतून निसटू शकतात.

हा धोका कल्पनेतला नाही. १९८० च्या दशकात, विषाणू मारण्याचे उपाय रूढ होण्यापूर्वी, हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवलेल्या फॅक्टरमुळे जगभरात हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांची लागण झाली. एकत्र केलेल्या टाकीत एक दूषित पिशवी गेली तरी संपूर्ण खेप दूषित होत होती. आजची सर्व उत्पादनपद्धती त्या अनुभवानंतर घडलेली आहे.

नाशिकच्या रक्तकेंद्रातील अतिरिक्त प्लाझ्मा गोठलेल्या अवस्थेतच, थंड गाडीतून, कारखान्याकडे जातो. असा एक कारखाना कसारा घाटाखाली नवी मुंबईच्या रबाळे येथे रिलायन्स लाइफ सायन्सेसचा आहे. अहमदाबादजवळ इंटास कंपनीही हेच काम करते. कारखान्यात प्रत्येक पिशवीची नोंद पाहून आणि पुन्हा चाचण्या करून, काही हजार लिटर प्लाझ्मा एकत्र केला जातो. तो दोन ते चार अंशांना वितळवला की तोच पांढुरका साका मिळतो, फक्त पिशवीऐवजी मोठ्या टाकीत. त्यातून फॅक्टर आठ काढतात. उरलेला प्लाझ्मा एका विशिष्ट रेझिन भरलेल्या स्तंभातून नेला, की फॅक्टर नऊ आणि त्याचे सोबती त्या रेझिनला चिकटून मागे राहतात आणि नंतर वेगळे धुऊन घेतले जातात.

यानंतर जी पद्धत येते ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी बसवली. सैनिकांना रणांगणावर देता येईल असे, टिकाऊ आणि लहान बाटलीत मावणारे काहीतरी हवे होते, आणि १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरच्या हल्ल्यात भाजलेल्यांवर अल्ब्युमिन वापरलेही गेले. दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटून छेना वेगळा होतो, कारण आम्लता एका ठरावीक मात्रेला पोहोचली की दुधातले केसीन विरघळलेले राहू शकत नाही. कोन यांच्या पद्धतीचे मर्म हेच आहे. फक्त इथे आम्लतेच्या जोडीला थंड अल्कोहोल असते आणि प्रत्येक प्रथिनासाठी मात्रा वेगळी असते. अल्कोहोल पाण्याची प्रथिनांवरची पकड सैल करते. आठ टक्के अल्कोहोलला फायब्रिनोजेन खाली बसते. सुमारे २५ टक्क्यांना, आम्लता जवळजवळ उदासीन असताना, प्रतिपिंडे बसतात. अल्ब्युमिन सर्वांत शेवटी, सुमारे ४० टक्के अल्कोहोल आणि ४.८ इतका सामू असताना सुटे होते. हे सगळे उणे पाच अंशांच्या आसपास करावे लागते, कारण कोमट अल्कोहोल प्रथिनांना कायमचे बिघडवते. अल्कोहोल मिसळलेले असल्यामुळे शून्याखालीही द्रव गोठत नाही, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. तापमान दोन अंशांनी चुकले किंवा सामू थोडा सरकला, तर दोन प्रथिने एकमेकांत मिसळून बसतात आणि उतारा घटतो.

विषाणू मारण्याचे मार्ग प्रथिनाच्या सहनशक्तीनुसार बदलतात. अल्ब्युमिनला ऑक्टेनोइक आम्लाच्या क्षाराचा आधार दिला की ते बाटलीतच ६० अंशांवर दहा तास तापवता येते, आणि तरीही ते घट्ट होत नाही. प्रतिपिंडांना ही उष्णता सोसत नाही. त्यांना आम्लधर्मी द्रावणात ठेवतात आणि विषाणू अडकून पडतील इतकी बारीक छिद्रे असलेल्या गाळणीतून गाळतात. फॅक्टर आठला द्रावक आणि साबणासारखे रसायन लावले जाते. ज्या विषाणूंना स्निग्ध आवरण असते, त्यांचे ते आवरण त्याने विरघळते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तिघेही या गटात येतात. हिपॅटायटिस ए आणि पार्वोव्हायरस यांना असे आवरणच नसते, म्हणून त्यांच्यावर हे रसायन चालत नाही. त्यांच्यासाठी कोरड्या भुकटीला ८० अंशांवर ७२ तास उष्णता देण्यासारखा दुसरा टप्पा जोडावा लागतो. म्हणूनच चांगल्या औषधात परस्परांहून वेगळ्या किमान दोन पद्धती वापरलेल्या असतात. दान केल्यापासून बाटली दुकानात येईपर्यंत सात ते बारा महिने सहज जातात. मागणी अचानक वाढली तरी पुरवठा महिन्याभरात वाढवता येत नाही, याचे कारण हेच.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिलेन-बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा इम्युनोग्लोब्युलिनच्या इंजेक्शनचे नाव घरोघरी पोहोचले. त्याच्या किमतीवर तक्रार करणे स्वाभाविक होते, पण त्यामागचे गणितही समजून घ्यायला हवे. या आजारात दर किलो वजनामागे एकूण दोन ग्रॅम प्रतिपिंडे पाच दिवसांत विभागून देतात. साठ किलोच्या रुग्णाला १२० ग्रॅम लागतात. एका लिटर प्लाझ्मातून साधारण चार ग्रॅमच हाती येतात, म्हणजे ३० लिटर, म्हणजे दीडशेच्या आसपास दाते, एका रुग्णासाठी. फॅक्टर आठ आता पेशींमध्ये जनुकीय तंत्राने तयार करता येतो आणि हिमोफिलियासाठी प्लाझ्माविना चालणारी इतर औषधेही आली आहेत. हजारो माणसांच्या शरीरांनी आयुष्यभरात गोळा केलेल्या नाना प्रतिपिंडांचे मिश्रण मात्र कोणत्याही पेशीत बनवता येत नाही.

अल्ब्युमिन त्या मानाने भरपूर निघते, लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम. वीस टक्क्यांच्या शंभर मिलिलिटरच्या बाटलीत वीस ग्रॅम असते, म्हणजे जवळपास चार-पाच दात्यांमागे एक बाटली. यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या पोटातून एका वेळी पाच लिटरहून अधिक पाणी काढले, तर काढलेल्या प्रत्येक लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम अल्ब्युमिन देतात, म्हणजे रक्तदाब कोसळत नाही आणि मूत्रपिंडे वाचतात. सहा लिटर काढले तर दोन ते अडीच बाटल्या. हा उपयोग निर्विवाद आहे. परंतु रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन कमी दिसले म्हणून अशक्तपणावर, जणू ते टॉनिक आहे असे समजून नातेवाइकांनी बाटल्यांचा आग्रह धरणे मला अतिशय क्लेशदायक वाटते. कुपोषणात किंवा दीर्घ आजारात ते कमी होण्याचे मूळ कारण बाटलीने सुटत नाही. दिलेले अल्ब्युमिन अन्न म्हणून उपयोगी पडत नाही आणि काही दिवसांत आकडा पुन्हा खाली येतो. त्यासाठी ताजा गोठवलेला प्लाझ्मा चढवणे तर त्याहून चुकीचे आहे. त्यातून अल्ब्युमिन जेमतेम मिळते आणि ॲलर्जीचा किंवा फुप्फुसात पाणी होण्याचा धोका विनाकारण ओढवतो.

दात्यांकडून दोन प्रश्न वारंवार येतात. पहिला, शिबिराआधी काय खावे? उपाशी येऊ नये, पण नाशिककरांची आवडती तर्रीदार मिसळ किंवा बटाटेवडे त्या सकाळी टाळावेत, ही विनंती आम्ही आवर्जून करतो. तेलकट खाल्ल्यावर दोन-तीन तासांत रक्तात चरबी उतरते, प्लाझ्मा दुधासारखा पांढरट दिसतो, चाचण्यांचे निकाल बिघडू शकतात आणि गाळण्या तुंबतात. असा प्लाझ्मा सरळ बाद करावा लागतो. पोहे, उपमा, भाजी-पोळी हा साधा नाश्ता उत्तम. दुसरा प्रश्न अवघड असतो: आमचे दान कंपनीला विकता का? भारतात रक्ताची विक्री सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर बंद आहे. अतिरिक्त प्लाझ्मा कारखान्याला देताना मात्र राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने लिटरमागे १,६०० रुपये असे विनिमयमूल्य ठरवले होते, आणि त्यामागे रक्तकेंद्राचा खर्च भागावा हा विचार होता. दात्याला हे शिबिरातच स्पष्टपणे सांगितले जावे, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट रुग्णांच्या घरच्यांसाठी. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन किंवा फॅक्टरच्या प्रत्येक बाटलीवर खेपेचा क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक, तारीख आणि दिलेली मात्रा रुग्णाच्या वहीत लिहून ठेवावी. बाटलीला निघणारे चिकटपट्टीचे लेबल असेल तर ते वहीत चिकटवावे. खेपेतल्या एखाद्या दात्याविषयी पुढे काही निष्पन्न झाले किंवा कंपनीने एखादी खेप परत मागवली, तर ती बाटली नेमकी कोणाला दिली गेली होती, हे या नोंदीवरूनच शोधता येते.